रिफंडची वाट बघायची की बँकेत चार्जबॅक टाकायचा? माझ्या टेबलाच्या पैशांचा अनुभव

हे लिहायला घेतलं कारण गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांचे पैसे असेच कुठे ना कुठे अडकलेत आणि तिघंही "रिफंड इनिशिएटेड" या दोन शब्दांवर विश्वास ठेवून बसलेत. मी पण त्यातून गेलेय, शेवटी चार्जबॅक टाकून, म्हणजे आपल्या बँकेला दुकानदाराच्या बँकेकडून पैसे ओढून घ्यायला लावून, पैसे परत मिळालेत, आणि मधल्या काळात जे कळलं ते नीट सांगते, थोडं लांबेल पण वाचा.

झालं असं की १२ जानेवारीला एका ऑनलाइन फर्निचरवाल्या साइटवरून मी दोन वस्तू मागवल्या, एक पुस्तकांचं कपाट ११,५०० चं आणि एक लाकडी डायनिंग टेबल २७,४०० चं. एकाच ऑर्डरमध्ये, एकच पेमेंट, ३८,९०० रुपये क्रेडिट कार्डवर. कपाट जानेवारीतच आलं, चांगलं होतं, काही तक्रार नाही. टेबल "१० फेब्रुवारीपर्यंत" असं ऑर्डरच्या मेलमध्ये लिहिलं होतं. दहा तारीख गेली, मग फॅक्टरीत फिनिशिंग चालू आहे, मग ट्रान्सपोर्टचा प्रॉब्लेम आहे, मग पुढच्या आठवड्यात नक्की. मार्चमध्ये मी वैतागून मेल केला की टेबल नको, पैसे परत करा, आणि २० मार्चला त्यांचा रिप्लाय आला की टेबल कॅन्सल केलंय, २७,४०० रुपये ७ ते १० वर्किंग डेजमध्ये मूळ पेमेंट मोडवर जमा होतील. हा मेल मी जपून ठेवला आणि पुढे सगळं काम त्याच एका मेलनं केलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एप्रिल अर्धा झाला तरी काही नाही. कस्टमर केअरला फोन केला की ते सांगणार "मॅम आमच्याकडून रिफंड इनिशिएट झालाय, आता तुमच्या बँकेकडे आहे". बँकेला विचारलं की ते सांगणार "आमच्याकडे असं कुठलंही क्रेडिट आलेलं नाही, मर्चंटशी बोला". दोघांच्या मधे आपण.

माझा मावसभाऊ एका पेमेंट कंपनीत डिस्प्युटच्या, म्हणजे कार्डाच्या व्यवहारांवरच्या तक्रारींच्या, टीममध्ये आहे, दिवसभर हेच काम करतो. त्याला फोन केला तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, एआरएन दिलाय का त्यांनी?" मी म्हटलं हो, काहीतरी रिफंड आयडी मेलमध्ये आहे, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो म्हणाला, "तो नाही. एआरएन फक्त आकड्यांचा असतो, २३ आकडी. तो माग. तो नसेल तर रिफंड निघालेलाच नाही असं धरून चाल."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे जरा थांबून सांगते. कार्डाने पैसे दिले की ते सरळ दुकानदाराला जात नाहीत. आपल्या कार्डाची बँक एक, तिला इश्युअर म्हणतात. दुकानदाराच्या बाजूची बँक वेगळी, ती अ‍ॅक्वायरर. मधे व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांचं नेटवर्क. आणि आपल्याकडे ऑनलाइन दुकानं बहुतेक वेळा पेमेंट गेटवेच्या कंपनीमार्फत काम करतात, म्हणजे दुकानदार आणि अ‍ॅक्वायरर यांच्या मधे अजून एकजण. रिफंड करायचा तर दुकानदार गेटवेच्या पॅनेलवर जाऊन बटण दाबतो, तिथे "इनिशिएटेड" दिसायला लागतं आणि एक आयडी तयार होतो, तोच आपल्याला मेलमध्ये येतो. पण तो पैसा येतो कुठून? दुकानदाराच्या गेटवेमधल्या शिलकीतून, म्हणजे रोजच्या विक्रीचे जे पैसे त्याला मिळायचे असतात त्यातून. शिल्लकच नसेल तर रिफंड तिथेच अडकून राहतो किंवा फेल होतो, आणि आपल्याला मात्र इनिशिएटेड असंच सांगितलं जातं, आणि फोनवर बोलणारा मुलगा खोटं बोलत असतो असंही नाही, त्याच्या स्क्रीनवर खरंच तसं दिसत असतं. रिफंड जेव्हा अ‍ॅक्वायररकडून खरोखर नेटवर्कवर जातो तेव्हा त्याला एआरएन दिला जातो, म्हणजे अ‍ॅक्वायरर रेफरन्स नंबर. तो असला की आपली बँक त्यावरून पैसे शोधू शकते. तो नसला की बँकेकडे शोधायला काहीच नसतं, बँकवाले "क्रेडिट आलं नाही" म्हणतात ते बरोबरच असतं.

मग मी त्या साइटला लेखी विचारलं, फोनवर नाही, मेलवर, की २० मार्चच्या तुमच्या मेलनुसार २७,४०० चा रिफंड कुठल्या तारखेला प्रोसेस झाला आणि त्याचा २३ आकडी एआरएन काय. उत्तरात परत तोच आयडी आणि "कृपया ५ ते ७ वर्किंग डेज वाट पहा". परत विचारलं, परत तेच. माझ्या मते इथेच वाट बघणं संपतं. ज्याने पैसे खरंच पाठवलेत त्याला हा नंबर काढून द्यायला एक दिवस लागतो, गेटवेला विचारलं की मिळतो. जो देऊच शकत नाही त्याच्याकडून पैसे निघालेले नाहीत, किंवा निघण्याची परिस्थिती नाही.

आणि भावाने दुसरी गोष्ट सांगितली ती याहून महत्त्वाची, की इकडे तुला पाच-सात दिवस पाच-सात दिवस करत ढकलतायत आणि तिकडे तुझं घड्याळ चालू आहे.

चार्जबॅकला मुदत असते. हा हक्क आपल्याकडे कुठल्या एका कायद्यातून येत नाही, तो नेटवर्कच्या नियमांतून येतो, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्ड यांनी बँकांना जे नियम लावून दिलेत त्यातून. माझं कार्ड व्हिसाचं होतं. त्यांच्याकडे वस्तू मिळाली नाही अशा केसमध्ये साधारण १२० दिवस असतात, आणि ते वस्तू ज्या तारखेला यायला हवी होती तिथून मोजता येतात, पण काहीही झालं तरी मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या पुढे नाही. दुकानदाराने रिफंड कबूल केला आणि दिला नाही, अशी केस असेल तर कबुलीच्या तारखेपासून मोजतात, आणि त्यात आधी १५ दिवस थांबावं लागतं, दुकानदाराला पैसे पाठवायला वेळ मिळावा म्हणून. आता माझ्या तारखा लावून बघा. व्यवहार १२ जानेवारीचा, तिथून १२० दिवस म्हणजे १२ मे. डिलिव्हरीची तारीख १० फेब्रुवारी, तिथून १० जून. कबुलीचा मेल २० मार्चचा, तिथून १८ जुलै. कागदावर मला जुलैपर्यंत वेळ होता. पण आपली बँक कुठली तारीख धरेल हे आपल्या हातात नसतं, शिवाय बँकांच्या स्वतःच्या कार्ड करारात याहून कमी मुदत लिहिलेली असू शकते, म्हणून भाऊ म्हणाला सगळ्यात जवळची तारीख धर, १२ मेच्या आत टाक, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. मी मेच्या पहिल्या आठवड्यात टाकला.

टाकताना पहिला प्रश्न येतो तो कारणाचा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन डिस्प्युट निवडलं की पर्याय येतात, हे ट्रान्झॅक्शन मी केलेलं नाही, वस्तू मिळाली नाही, वस्तू वेगळी किंवा खराब आली, रिफंड आला नाही, दोनदा पैसे कापले वगैरे. रागाच्या भरात खूप जण पहिला निवडतात, "फ्रॉड झालाय माझ्याबरोबर" असं वाटत असतं ना. तो निवडायचा नाही. एक तर ते खोटं आहे, व्यवहार आपणच केलाय. दुसरं म्हणजे बँक लगेच कार्ड ब्लॉक करते. आणि तिसरं, आपल्याकडे ऑनलाइन पेमेंटला ओटीपी टाकावा लागतो, आणि ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात फ्रॉडची जबाबदारी नेटवर्कच्या नियमाने दुकानदाराच्या बाजूवरून उठून आपल्या बँकेवर येते, त्यामुळे फ्रॉड या कारणाखाली दुकानदाराकडून पैसे ओढताच येत नाहीत. केस तिथेच पडते.

यातूनच एक गैरसमज आलाय जो बँकेच्या कॉल सेंटरवरही ऐकायला मिळतो. मला फोनवर सांगितलं गेलं, "मॅम तुम्ही ओटीपी टाकलाय, म्हणजे ट्रान्झॅक्शन ऑथेंटिकेटेड आहे, यात डिस्प्युट होणार नाही". मी शांतपणे म्हटलं की ट्रान्झॅक्शन मीच केलंय, मी फ्रॉडची तक्रार करत नाहीये, मर्चंटने लेखी कबूल केलेला रिफंड आलेला नाही, क्रेडिट नॉट प्रोसेस्ड, त्याचा ओटीपीशी काही संबंध नाही. मग त्याने होल्डवर ठेवलं, कुणाला तरी विचारलं, आणि म्हणाला की पण ६० दिवस होऊन गेलेत. यावर मी १० फेब्रुवारी आणि २० मार्च या दोन तारखा दिल्या आणि म्हटलं माझी विनंती लेखी घ्या आणि नाकारायची असेल तर कुठल्या नियमाखाली नाकारताय ते लेखी द्या. तक्रार नंबर मिळाला. कॉल सेंटरवरच्या माणसावर रागावून उपयोग नसतो, चार्जबॅक तो ठरवत नाही, ते बँकेच्या मागे बसलेली डिस्प्युट टीम ठरवते, आपलं काम एवढंच की आपली केस योग्य कारणाखाली त्या टीमपर्यंत पोचवायची.

व्हिसाचे या कारणांना कोड आहेत, वस्तू मिळाली नाही तर १३.१, वस्तू सांगितली तशी नाही किंवा खराब आहे तर १३.३, कबूल केलेला रिफंड दिला नाही तर १३.६. माझ्या केसमध्ये १३.१ पण चालला असता, टेबल आलंच नव्हतं. पण १३.६ जास्त पक्का, कारण त्यात दुकानदाराला बोलायला फार कमी जागा उरते. वस्तू मिळाली नाही म्हटलं की तो म्हणू शकतो की आम्ही तर पाठवायला तयार होतो, मॅमनी कॅन्सल केलं. पण त्याने स्वतः लिहून दिलंय की कॅन्सल झालं आणि इतके पैसे परत देतोय, तर मग एकच प्रश्न राहतो, दिले का? दिले असतील तर दाखव. म्हणून सांगते, कॅन्सल करताना फोनवर "हो हो करून टाकतो" यावर सोडू नका, रक्कम आणि तारीख असलेला एक मेल किंवा चॅट त्यांच्याकडून घ्याच.

रक्कम मी २७,४०० टाकली, ३८,९०० नाही. हे मुद्दाम सांगतेय कारण अ‍ॅपमध्ये आपोआप पूर्ण व्यवहाराची रक्कम भरून येते आणि घाईत तशीच जाते. डिस्प्युट अर्धवट रकमेचा टाकता येतो, रकमेचा रकाना बदलता येतो, नसेल बदलता येत तर फॉर्ममध्ये लिहायचं. कपाट मला मिळालं होतं, त्याचे पैसे मागणं चुकीचंच, पण त्याशिवाय व्यवहारात पण ते अंगाशी येतं, दुकानदार कपाट पोचल्याचा पुरावा देतो आणि आपली सगळी केस संशयास्पद दिसायला लागते.

कागद म्हणून मी चार गोष्टी जोडल्या. ऑर्डरचा मेल ज्यात १० फेब्रुवारी ही तारीख होती, दोन वस्तू वेगवेगळ्या ओळींवर असलेलं बिल, २० मार्चचा तो कबुलीचा मेल, आणि एआरएन मागितल्याचे माझे मेल व त्यांची उत्तरं. शेवटचं का, तर बँक विचारते की तुम्ही आधी दुकानदाराशी मिटवायचा प्रयत्न केला का, आणि ते नुसतं हो म्हणून चालत नाही. वर एक छोटं पत्र, दहाबारा ओळींचं. कधी काय मागवलं, किती पैसे दिले, काय आलं, काय नाही आलं, कधी कॅन्सल झालं, त्यांनी काय लिहून दिलं, एआरएन मागूनही दिला नाही, म्हणून २७,४०० चा डिस्प्युट. मला कसा मनस्ताप झाला, पाहुणे आले तेव्हा टेबल नव्हतं, हे सगळं पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं, भावाने काढायला लावलं. वाचणाऱ्याच्या समोर ढीग असतो, त्याला तारखा आणि रक्कम पटकन दिसली पाहिजे.

यानंतर काय होतं ते आपल्याला दिसत नाही पण माहिती असलेलं बरं. रिफंडमध्ये दुकानदार पैसे पाठवतो, म्हणजे सगळं त्याच्या मनावर. चार्जबॅकमध्ये आपली बँक नेटवर्कमार्फत दुकानदाराच्या बँकेकडून पैसे ओढून घेते, ती गेटवेकडून घेते, गेटवे दुकानदाराच्या पुढच्या विक्रीतून कापतो, वर चार्जबॅकची फी पण लावतो. दुकानदार बुडीत निघाला तरी अ‍ॅक्वायररच्या बाजूला ती जबाबदारी राहते. हा फरक फार मोठा आहे. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि विमानं थांबली तेव्हाचं आठवून बघा, कंपनीकडून थेट रिफंड मागणारे प्रवासी बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत क्लेम भरून उभे राहिले. अशा वेळी ज्याने कार्डाने पैसे दिलेत त्याला कंपनीच्या तिजोरीवर अवलंबून नसलेला हा दुसरा रस्ता असतो. म्हणून एखादी कंपनी डळमळतेय, पगार थकलेत, ऑर्डरी थांबल्यात अशा बातम्या यायला लागल्या तर रिफंडची वाट बघत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

काही दिवसांनी माझ्या कार्डावर २७,४०० चं टेम्पररी क्रेडिट दिसायला लागलं. घरात सगळे खूश, झालं काम. नाही झालं. ते बँकेने तात्पुरतं दिलेलं असतं, दुकानदार जिंकला तर परत काढून घेतात, त्यामुळे मी ते पैसे नाहीतच असं धरून चालले. सगळ्या बँका प्रत्येक केसला असं क्रेडिट देतात असंही नाही, काही शेवटी निकाल लागल्यावरच देतात. आणि बिल मात्र भरत राहायचं. टेबलाचे पैसे अडकलेत म्हणून मी बिल भरणार नाही असं केलं तर व्याज आणि लेट फी लागते, सिबिल खराब होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डांच्या नियमांत डिस्प्युट मिटेपर्यंत चार्जेस लावू नयेत असं संरक्षण आहे, पण ते फ्रॉड म्हणून नोंदवलेल्या व्यवहारांसाठी आहे, आपली केस त्यात बसत नाही. मी तर जानेवारीचं बिल फेब्रुवारीतच पूर्ण भरलेलं होतं, पण ज्यांचं बिल अजून यायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा.

मग एके दिवशी त्या साइटवरून फोन. इतके महिने मी फोन करत होते, आता तेच करतायत. एकदम गोड आवाजात, "मॅम तुम्ही बँकेत डिस्प्युट टाकलाय, त्यामुळे आमचा रिफंड अडकलाय, तुम्ही तो मागे घ्या, आम्ही दोन दिवसांत पैसे देतो". हे ऐकून कुणालाही वाटेल की बरोबर आहे, मिटवून टाकू. मागे घेऊ नका. एकदा आपण लेखी मागे घेतला की तीच केस परत उघडणं जवळजवळ अशक्य असतं, आणि मुदत तर तोवर संपलेली असते. आणि त्यांना खरंच द्यायचे असतील तर त्यांना आपल्या परवानगीची गरज नाही, गेटवेच्या पॅनेलवर चार्जबॅक मान्य करायचा पर्याय असतो, तो दाबला की विषय संपला. मी एवढंच लिहिलं की तुम्ही चार्जबॅक अ‍ॅक्सेप्ट करा, किंवा रिफंड आधीच पाठवला असेल तर एआरएन द्या, मी तो बँकेला स्वतः कळवते म्हणजे दोनदा पैसे येणार नाहीत. यावर उत्तर आलं नाही.

जूनमध्ये बँकेचा मेल आला की मर्चंटने डिस्प्युट नाकारलाय, सोबतची कागदपत्रं बघा आणि ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर द्या, नाहीतर तात्पुरतं क्रेडिट उलटवलं जाईल. याला रिप्रेझेंटमेंट म्हणतात, दुकानदाराला उत्तर द्यायला साधारण महिन्याची मुदत असते आणि बरेच जण शेवटी शेवटी देतात. उघडून बघितलं तर डिलिव्हरीचं चलान, माझी सही, माझा पत्ता. दोन मिनिटं पोटात गोळा आला. मग नीट बघितलं, तारीख जानेवारीची. म्हणजे कपाटाचं चलान पूर्ण ऑर्डरचा पुरावा म्हणून लावलं होतं.

इथे खूप जण सोडून देतात, त्यांना वाटतं बँकेने निकाल दिला. तो निकाल नसतो, ती समोरच्याची बाजू असते आणि आता आपली पाळी असते. पण ती पाळी थोड्या दिवसांची असते, आणि मेल बँकेच्या जाहिरातींच्या गर्दीत येतो, म्हणून डिस्प्युट चालू असताना बँकेचा प्रत्येक मेल उघडून बघायचा. मी उत्तर दिलं की हे चलान कपाटाचं आहे, चलानवर वस्तूचं नाव आणि वजन बघा, बिलातली पहिली ओळ बघा, ११,५०० ची, त्यावर माझा डिस्प्युटच नाही. माझा डिस्प्युट दुसऱ्या ओळीचा आहे, २७,४०० चा, आणि ती वस्तू कॅन्सल झाल्याचं मर्चंटने २० मार्चला स्वतः लिहिलंय. डिलिव्हरी जानेवारीत झाली असती तर मार्चमध्ये रिफंड कबूल का केला असता? आणि आत्ताच्या उत्तरात रिफंड दिल्याचा एकही पुरावा नाही. रक्कम नेमकी टाकली होती त्याचा उपयोग इथे झाला.

यापुढची पायरी प्री-आर्बिट्रेशन, म्हणजे आपली बँक समोरच्या बँकेला सांगते की तुमचा पुरावा आम्हाला मान्य नाही. तिथेही ते अडून बसले तर शेवटी नेटवर्क स्वतः निकाल देतं, त्याला आर्बिट्रेशन. त्याची फी काही शे डॉलर असते आणि ती हरणाऱ्या बँकेवर पडते, म्हणून दोनपाच हजारांच्या केससाठी बँका तिथपर्यंत सहसा जात नाहीत, कागद कितीही चांगले असले तरी. ही या सगळ्या पद्धतीची खरी मर्यादा आहे आणि ती समजून घेतली तर पहिल्याच फेरीत कागद पक्के का द्यायचे हे कळतं. माझ्या केसमध्ये समोरच्यांनी प्री-आर्बिट्रेशनलाच मान्य केलं. जुलैमध्ये बँकेचं पत्र आलं की केस तुमच्या बाजूने बंद, तात्पुरतं क्रेडिट आता कायम.

बँकेने तक्रारच दाबून ठेवली असती तर? तर तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर, फुकट आहे. पण लोकपाल दुकानदाराला काही करू शकत नाही, तो बँकेने आपलं काम नीट केलं का तेवढंच बघतो. दुकानदाराविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मी तिथेही तक्रार टाकली होती, पण मुदत त्यामुळे थांबत नाही, चार्जबॅकचे दिवस चालूच राहतात, म्हणून आधी ते बघू मग बँकेत जाऊ असं करू नये.

आता वाट कधी बघायची तेही सांगते, कारण हे वाचून कुणी परवा परत केलेल्या कुर्त्यासाठी बँकेत धावेल. मागच्याच महिन्यात वहिनीचं झालं. तिने एका मोठ्या साइटला ड्रेस परत केला, रिफंड आला नाही म्हणून ती चार्जबॅक टाकायला निघाली होती. मी म्हटलं आधी एआरएन माग. साइटने दुसऱ्याच दिवशी दिला, २३ आकडी, तारखेसकट. आता अशा वेळी चार्जबॅक टाकला असता तर दुकानदाराने तोच नंबर पुरावा म्हणून लावला असता आणि ती हरली असती, आणि मधल्या काळात दोनदा पैसे येऊन परत एकदा उलटले असते ते वेगळंच. त्याऐवजी तिने बँकेला मेल केला, एआरएन, रिफंडची तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे देऊन, की हे क्रेडिट ट्रेस करा. झालं होतं असं की मधे तिचं जुनं कार्ड हरवल्यामुळे बँकेने नवीन नंबरचं कार्ड दिलं होतं आणि रिफंड जुन्या नंबरवर आला होता, बँकेत पोचून पडला होता. आठवड्याभरात नवीन कार्डावर दिसला.

खात्यातून पैसे गेले पण ऑर्डरच झाली नाही, ती केस अजून वेगळी. त्यात रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तिथे चार्जबॅकच्या आधी बँकेला हाच नियम दाखवायचा.

आणि त्या साइटवर ऑर्डर करताना त्यांनी मला एक ऑफर दिली होती, कार्डाऐवजी थेट कंपनीच्या खात्यात एनईएफटी केलं तर १,००० रुपये कमी. तसं केलं असतं तर हे वर लिहिलेलं काहीच करता आलं नसतं, खात्यातून स्वतः पाठवलेल्या पैशाला चार्जबॅक नाही. जी वस्तू महिन्याभराने यायची आहे, आधी बनवून मग पाठवणार आहेत, त्याचे पूर्ण पैसे आगाऊ द्यायचे असतील तर आमच्या घरात आता ते कार्डानेच जातात, आणि डिलिव्हरीची तारीख लिहिलेला मेल आल्याशिवाय जात नाहीत.